लिंबच्या भिंतीपुढे

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेनं निघालं की पंधराएक किलोमीटरवर लिंबचा फाटा लागतो. आत गावाकडे, शेताच्या कडेला, बारामोटेची विहीर आहे. दुरून तिथं काही असेल असं वाटत नाही. जमिनीत एक मोठा अष्टकोन उघडलेला आहे, एवढंच जवळ गेल्यावर कळतं. मग पायऱ्या दिसतात, आणि पायऱ्यांच्या खाली, जमिनीच्या पोटात, दगडी दरवाजा.

कलाइतिहासाच्या पेपरासाठी ‘एका कोरीव दगडी दर्शनी भागाचं रूपविश्लेषण करा’ असं तुम्हाला सांगितलंय. सांगली-मिरजेकडची मुलं अशा वेळी खिद्रापूरचं देऊळ गाठतात आणि ते साहजिकच आहे. आपणही शेवटी तिथं जाऊ. पण आधी इथं या. ज्या भिंतीवर कोरीव काम थोडं असतं, तिथं विशेषणांच्या मागे लपायला जागा मिळत नाही.

वही पिशवीतच राहू द्या. फोनसुद्धा. पहिल्या पायरीवर उभे राहा.

आता खाली बघा, आणि फक्त एवढं लक्षात घ्या की समोरची भिंत तुम्हाला पूर्ण दिसत नाही. देवळाचा किंवा वाड्याचा दर्शनी भाग आपण समोरून, खालून वर पाहतो. इथं उलटं आहे. पाहणारा वर आहे आणि भिंत खाली. एकेक पायरी उतरताना तिचा थोडा थोडा भाग उघडत जातो, आणि दरवाजाशी पोचेपर्यंत तीच भिंत तुमच्या डोक्यावर गेलेली असते. म्हणजे या भिंतीला एकच समोर नाही. सावकाश उतरा. दहा पायऱ्या उतरायला दोन मिनिटं लागली तरी चालेल. मागून सहलीची मुलं येतील, त्यांना पुढे जाऊ द्या.

दरवाजापासून पाच-सात पायऱ्या वर थांबा आणि बसा.

पहिली पाच मिनिटं नावं काढून टाकायची. हे सगळ्यांत अवघड आहे. डोळ्याला काळसर आयत दिसतो आणि मन लगेच म्हणतं ‘शिलालेख’. डोळ्याला वळणदार कडेचा एक उंचवटा दिसतो आणि मन म्हणतं ‘शरभ’. नाव मिळालं की डोळा पुढे सरकतो, कारण त्याच्या लेखी काम झालेलं असतं. म्हणून थोडा वेळ नावाशिवाय बसा. काय उजळ आहे? काय काळं आहे? सगळ्यांत काळा भाग कमानीच्या आतली पोकळी आहे, हे बहुधा लगेच कळेल. त्या पोकळीचा आकार स्वतंत्रपणे पाहा, जणू तीच वस्तू आहे आणि दगड तिच्याभोवती नंतर रचला आहे. खाली दोन उभ्या कडा आणि वर दोन बाजूंनी येऊन मिळणारं वळण. वळण सुरू कुठं होतं, किती चपटं किंवा किती टोकदार आहे, ते बोटानं हवेत काढून बघा. बोट जिथं अडखळतं तिथं तुमचं पाहणं कच्चं राहिलंय.

आता उरलेली भिंत. ती आडव्या थरांनी बनली आहे. घडवलेले दगड, त्यांचे सांधे, सांध्यांच्या आडव्या रेषा. कोरीव कामापेक्षा साधा घडीव दगड इथं कितीतरी जास्त आहे. माझ्या मते या भिंतीबद्दल लिहिण्यासारखी पहिली गोष्ट तीच. विद्यार्थ्यांच्या निबंधांत मोकळ्या दगडाला एक वाक्यही मिळत नाही. सगळे कमळावर आणि प्राण्यांवर तुटून पडतात. कोरीव भाग उठून दिसतो तो भोवतीच्या शांत दगडामुळे. ती मोकळी जागा हासुद्धा घडवणाऱ्याचा निर्णय होता असं धरून चाला. तो कशासाठी घेतला असेल, हा नंतरचा प्रश्न.

आता वही काढा.

लिहू नका, काढा. सावली न देता, नुसत्या रेषांनी, पानभर चौकट. भिंतीची बाहेरची कड आधी, मग पोकळी, मग जिथं जिथं कोरीव काम आहे तिथं नुसते चौकोन आणि गोल. प्राण्यांच्या शेपट्या वगैरे काही नको. या आराखड्यावर मधोमध एक उभी रेषा ओढा, कमानीच्या टोकातून खाली. डावीकडचा प्रत्येक चौकोन उजवीकडे आपला जोडीदार शोधतोय का? आणि जिथं जोडीदार आहे तिथं तो तंतोतंत त्याच उंचीवर आहे, की थोडा वरखाली? पाथरवटाच्या हातचं काम असतं. सममिती दुरून पुरी वाटते आणि जवळून हलते. ‘रचना सममित आहे’ एवढं वाक्य कुठल्याही दरवाजाला चिकटतं. ‘चौकटी अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहेत, पण आतल्या आकृती एकमेकींच्या आरशातल्या नाहीत’ असं काही तुम्हाला सापडलं, तर ते फक्त याच भिंतीबद्दलचं वाक्य असेल. सापडलं नाही तर लिहू नका.

उंची मोजायला शिडी लागत नाही. हाताच्या उंचीवरचे तीन-चार थर पट्टीनं मोजा. प्रत्येक थर सारखा नसतो, म्हणून सरासरी घ्या. समजा सरासरी ३० सेंटिमीटर आली आणि कमानीचं टोक अकराव्या थरापाशी आहे, तर ते उंबऱ्यापासून सुमारे ३.३ मीटरवर आहे. हा आकडा अंदाजाचा आहे हेही तसंच लिहायचं. त्याहून उपयोगी असतं ते प्रमाण. पोकळीची रुंदी उंचीच्या किती पट? कोरलेला प्राणी किती थरांत मावतो? एका थरात बसवलेला प्राणी आणि दोन थरांवर पसरलेला प्राणी यांत फरक आहे. दुसऱ्यात सांधा त्याच्या अंगावरून जातो, आणि मग दगड बसवण्याआधी कोरला की बसवल्यावर, असा खरा प्रश्न उभा राहतो. उत्तर सांध्यापाशी शोधायचं. रेषा सांध्याच्या दोन्ही बाजूंना बिनचूक जुळते, की किंचित सरकते?

फोटो इथं फसवतो. पायऱ्यांवरून खाली फोन धरून घेतलेल्या फोटोत भिंतीच्या उभ्या कडा खाली एकमेकींकडे झुकतात आणि दरवाजा तळाशी अरुंद दिसतो. मी विद्यार्थी असताना अशाच एका फोटोवरून ‘दरवाजा वर रुंद होत जातो’ असं ठामपणे लिहिलं होतं. दुसऱ्यांदा जागेवर गेल्यावर पट्टी लावली, तर वर-खाली रुंदी सारखीच. तेव्हापासून फोटो आठवणीसाठी आणि पट्टी लिहिण्यासाठी, असा माझा हिशेब आहे.

आता उठून भिंतीजवळ जा. हात लावायचा मोह आवरा, पण डोळे वीतभर अंतरावर न्या.

हा बेसाल्ट आहे. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन झालेला काळा, कठीण दगड. त्यात कधी कधी बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा. हळेबिडूच्या देवळांचा मऊसर दगड छिन्नीला लोण्यासारखा वश होतो, म्हणून तिथं दागिन्यांच्या कड्यासुद्धा सुट्या कोरता आल्या. बेसाल्ट तसा ऐकत नाही. बारीक कड निसटते, पोकळीपाशी कपचा उडतो. म्हणून इथल्या आकृतींच्या कडा गोलसर आहेत का आणि तपशील थोडके आहेत का, ते पाहा, आणि असतील तर लगेच ‘ओबडधोबड’ म्हणू नका. त्याच वेळी सगळं दगडावर ढकलूनही मोकळे होऊ नका. वेरूळही बेसाल्टच आहे. दगड काय अवघड करतो ते सांगता येतं. कारागिरानं काय निवडलं ते मात्र आकृतीतच शोधावं लागतं.

मोकळ्या दगडाच्या पृष्ठभागावर टाकीचे घाव दिसतात का बघा. तिरके, एका दिशेनं गेलेले बारीक ओरखडे असतील तर दगड मुद्दाम त्या पोताचा ठेवला आहे. गुळगुळीत पट्टी आणि खरबरीत पट्टी शेजारी असतील तर पोताचाच उपयोग चौकटीसारखा केलेला असतो. त्याचबरोबर नंतरच्या हातांच्या खुणाही ओळखा. सिमेंटचा सांधा राखाडी, सपाट आणि दगडाच्या कडेवर पसरलेला असतो. दगडफुलाचे पांढुरके डाग उजेडासारखे भासतात आणि आकृतीचा आकार बदलून टाकतात. देवाच्या मूर्तीवर शेंदराचं पूट असेल तर खालचं कोरीव काम तुम्ही पाहिलेलंच नाही, एवढं प्रामाणिकपणे नोंदवा.

आणि उजेड. वही आणि पट्टी यांच्याइतकंच घड्याळही लागतं, कारण उठाव म्हणजे शेवटी सावली. सकाळी पायऱ्यांवर तिरपा उजेड असतो आणि भिंतीचा काही भागच उजळतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला की उभ्या भिंतीवर उजेड वरून घासत जातो. मग अगदी उथळ उठावाच्या खालच्या कडेलाही काळी रेषा उमटते, आणि सकाळी सपाट वाटलेलं कमळ एकदम भरून येतं. एकाच आकृतीचा उठाव ‘उथळ’ आणि ‘खोल’ असा दोन विद्यार्थ्यांनी लिहिला आणि दोघांनी वेळ लिहिली नाही, तर दोघांचंही वाक्य निरुपयोगी आहे. तेव्हा वहीत वेळ टाका. मग दरवाजातून आत जा.

आत महाल आहे. दरवाजा आणि मुख्य विहीर यांच्या मधोमध जणू पुलासारखा बसलेला. त्याच्या खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार, फुलं अशा लहान लहान आकृती आहेत. इथं येऊन मान वळवली की कळतं, बाहेरच्या भिंतीवर राखलेला संयम आत सैल सोडलेला आहे. बाहेर दगड मोकळा, आत खांब बोलके. विश्लेषणात ही तुलना एका परिच्छेदाची मालकीण होऊ शकते. पण खांबांची यादी करत बसू नका. एक खांब निवडा आणि त्यावरच्या आकृतीला चौकट आहे का, ती चौकट भरते की मध्ये एकटी उभी राहते, एवढंच सांगा.

महालातून विहिरीकडे तोंड करा. समोर अष्टकोनाच्या भिंती आणि खाली पाणी. विहिरीच्या भिंतीत शरभ आहेत. त्यातल्या एकापुढे, जिथून तो नीट दिसतो तिथं, जमल्यास पंधरा मिनिटं बसा. इथं शेजारी कुणीतरी हमखास सांगायला येईल की हे शौर्याचं प्रतीक आहे, अमुक दिशेवरच्या विजयाची खूण आहे. ऐकून घ्या, नमस्कार करा आणि ती गोष्ट वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. शरभाचा अर्थ खोटा आहे असं नाही. मराठा काळातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर तो ज्या सातत्यानं येतो, त्यावरून त्याला अर्थ होताच. पण अर्थ सांगणारी माणसं सहसा त्या शिल्पाकडे पाठ करून सांगतात.

माझ्या पहिल्या निबंधातलं वाक्य होतं: ‘शरभाचं शिल्प अत्यंत जिवंत आणि भव्य वाटतं.’ आमच्या सरांनी त्यावर काही लिहिलं नाही, समासात नुसतं ‘कशामुळे?’ एवढं विचारलं. आपण ते वाक्य इथं बसून सोडवू. ‘भव्य’ आधी खोडा, कारण भोवतीच्या भिंतीच्या मानानं शिल्प लहान आहे. लहान असूनही ते लांबून नजर ओढतं, हे मात्र खरं. का ओढतं? भोवती दुसरी आकृती नाही म्हणून. आडव्या सांध्यांच्या भिंतीत एवढीच एक वळती कड आहे म्हणून. आता ‘जिवंत’कडे या. शरीर कडेनं दाखवलं आहे, त्यामुळे पाठीची रेषा एका झेपेत वाचता येते. ती रेषा डोळ्यानं चाला. कुठं वळते, कुठं ताणली जाते? पाय चारही टेकलेत की एखादा उचललाय? डोकं शरीराच्याच दिशेला आहे की तुमच्याकडे वळलंय? शरीर एका दिशेला आणि डोकं दुसऱ्या दिशेला असेल, तर जिवंतपणाचं कारण तुम्हाला मानेत मिळालं. मग वाक्य साधारण असं होतं: ‘मोकळ्या भिंतीत एकटाच असल्यामुळे लहान आकाराचा शरभ दुरूनही प्रथम दिसतो. त्याच्या पाठीची सलग वक्र रेषा थरांच्या आडव्या रेषांना छेद देते आणि तेवढ्याच जागी भिंत हलल्यासारखी वाटते.’ यात एकही विशेषण उधारीचं नाही. ज्याला पटत नसेल त्यानं लिंबला जाऊन रेषा तपासावी.

इथंच आणखी एक गोष्ट दिसण्याचा संभव आहे, ऊन पाण्यावर पडत असेल तर. पाण्यावरून उसळलेला उजेड भिंतीवर खालून वर चढतो आणि हलत राहतो. कोरीव आकृतींच्या सावल्या मग वरच्या कडेला जातात. दुपारी वरून येणाऱ्या उजेडानं बनवलेलं शिल्प आणि खालून येणाऱ्या उजेडानं बनवलेलं शिल्प, दोन्ही त्याच दगडात. घडवणाऱ्याला हे अभिप्रेत होतं असं लिहायला तुमच्याकडे काहीच पुरावा नाही. ‘असं दिसतं’ हे मात्र वेळेसकट लिहा.

आता कुठं शिलालेखाकडे वळा. तोही आधी आकार म्हणून. आडव्या ओळींचा एक पट्टा, त्यावर शिरोरेषांची आणखी बारीक आडवी लकेर. भिंतीचे आडवे थर आणि अक्षरांच्या आडव्या रेषा एकमेकांना जुळून जातात आणि म्हणून लेख भिंतीत मिसळतो, ओरडत नाही. अक्षरं खोदलेली की उठावाची, तेही इथंच पाहून घ्या. हे झालं की वाचा. शाहू छत्रपतींच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या वर्षांत ही विहीर बांधली. इतका वेळ हे तुमच्यापासून मी मुद्दामच दूर ठेवलं. हे आधी कळलं असतं तर प्रत्येक दगडात राजघराणं दिसू लागलं असतं.

आता मघाचा प्रश्न पुन्हा घ्या. भिंत एवढी मोकळी का? वर बघा. विहिरीच्या काठावर मोटांसाठी थारोळी आहेत. बारा मोटा एका वेळी चालायच्या म्हणून तर हे नाव. चामड्याच्या मोटा भरून वर जायच्या, पाणी भिंतीवर सांडायचं, दोर घासायचे. कामाच्या विहिरीच्या भिंतीवर नाजूक काम टिकलं नसतं, असा तर्क करता येतो. तो मला पटतो. पण तो दरवाजाकडच्या भिंतीला लागू होत नाही, कारण तिथं मोट नाही, आणि तीही मोकळीच आहे. म्हणजे उपयोगाचं कारण अर्ध्यावर थांबतं आणि उरलेलं आवडीनिवडीचं असावं. निबंधात हा अडथळा झाकू नका. तपासणारे ज्या ओळीपाशी थांबून पुन्हा वाचतील, ती हीच असेल.

दुसऱ्या दिवशी खिद्रापूर. सांगलीहून तासाभराचा रस्ता, कृष्णेचाच काठ. लिंबही तिच्यापासून लांब नाही. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आणि वर गोल उघडं आकाश, ते सगळे पाहतातच. तुम्ही मात्र बाहेरच्या भिंतीपुढे उभे राहा. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. लिंबच्या आराखड्याचं पान उघडून शेजारी नवा आराखडा काढा. पाच मिनिटांत हात थांबेल, कारण इथं मोकळा चौकोन काढायला जागाच नाही. भिंत एका पातळीत नाही, ती पुढे येते, मागे जाते, आणि प्रत्येक घडीत उभी सावली साचते. पायाशी हत्तींची रांग आहे. लिंबला नजर एका आकृतीवर टेकते आणि मग मोकळ्या दगडावरून भटकते. इथं तिला टेकायला मिळत नाही, हत्तींवरून बाजूला आणि घड्यांवरून वर, ती चालतच राहते.

हाइनरिख व्योल्फलिन हे स्विस कलाइतिहासकार वर्गात दोन चित्रं शेजारी शेजारी पडद्यावर टाकून शिकवत. १९१५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात सपाट पातळी आणि खोली, बंद रचना आणि खुली रचना अशा जोड्या आहेत. त्यांनी त्या युरोपातल्या दोन शतकांच्या फरकासाठी बनवल्या. आपल्या भिंतींवर त्या जशाच्या तशा चिकटवल्या की घोटाळा होतो. खिद्रापूरला ‘बरोक’ म्हणणारा निबंध मी वाचला आहे आणि अजून विसरलेलो नाही. जोडी शेजारी ठेवून पाहायची सवय तेवढी घ्या. खिद्रापूर पाहिल्यावर लिंबचा मोकळा दगड आधीपेक्षा मोकळा दिसतो, आणि लिंब पाहून आलेल्याला खिद्रापूरची गर्दी मोजावीशी वाटते.

पण ते उद्या. आत्ता तुम्ही लिंबला आहात, ऊन उतरलंय आणि वहीत चार पानं भरली आहेत. पायऱ्या चढून वर या. काठावर आल्यावर मागे वळा. भिंत दिसत नाही. जमिनीत पुन्हा नुसता अष्टकोन आणि पायऱ्यांची खाच. वही चाळा. पोकळीचा आकार आहे, थर आहेत, शरभाची पाठ आहे, वेळा आहेत. उतरताना कितव्या पायरीवरून कमानीचं टोक पहिल्यांदा दिसलं, ते मात्र कुठंच नाही.

पिशवी काठावर ठेवा आणि पुन्हा उतरा, या वेळी मोजत.